मदत हवी आहे: जाहिरातीत घडणावळीवर २५% सूट, बिलात मात्र पूर्ण घडणावळ

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी. अक्षय्य तृतीयेला इथल्या एका सराफी पेढीतून आईसाठी २० ग्रॅमचं गंठण घेतलं. पेपरात अर्ध्या पानाची मराठी जाहिरात होती आणि दुकानाच्या दारावरही तोच फलक होता: घडणावळीवर २५% सूट. आईची जुनी पाटली मोडीत दिली, ती तपासून ८ ग्रॅम धरली.

समजायला सोपं जावं म्हणून भाव गोल धरून हिशेब सांगते. ९,००० रुपये ग्रॅमने सोन्याचे १,८०,०००. घडणावळ १४%, म्हणजे २५,२००. त्यावर ३% जीएसटी ६,१५६. एकूण २,११,३५६. त्यातून मोडीचे ७२,००० वजा करून उरलेले १,३९,३५६ मी यूपीआयने आणि चेकने दिले. गर्दी इतकी होती की बिल पाकिटात घालूनच हातात आलं. घरी उघडून पाहिलं तर सवलतीच्या रकान्यात शून्य!

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, मोड असेल तर ऑफर लागू होत नाही. जाहिरातीत लिहिलंय." जाहिरात पुन्हा पाहिली. तळाशी खरंच एक ओळ आहे, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. शिवाय ते म्हणतात की बिल जीएसटीत गेलं, आता काही बदलता येत नाही.

सूट मिळू शकते का? मिळत असेल तर दुकानाकडे नेमकं काय आणि कसं मागायचं? आईने हे पैसे वर्षभर बाजूला टाकून जमवले होते, त्यामुळे मला हा विषय सोडायचा नाहीये.

खान्देशी_बाणा

ताई, सोडू नका! आणि मुळात बिलच चुकलंय. घडणावळीवर ५% जीएसटी असतो, त्यांनी सगळ्यावर ३% लावलाय. हे दाखवलं की दुकानदार लगेच नरमतो.

हिशेबनीस

खान्देशी भाऊ, हे बोलू नका, ताईच अडचणीत येतील. तुम्ही स्वतःचं सोनं देऊन नुसती मजुरी भरलीत तर त्या मजुरीवर ५%. दुकानातून तयार दागिना घेतला की सोनं आणि घडणावळ मिळून ३%. बिलातला कर बरोबर आहे.

मृण्मयीताई, तुमची मागणी ६,३०० ची नाही, ६,४८९ ची आहे. २५,२०० च्या २५% म्हणजे ६,३००, आणि त्या रकमेवर घेतलेला ३% कर १८९. सूट बिलातच धरली असती तर करही कमी लागला असता.

"जीएसटीत गेलं" या उत्तराला अर्थ नाही. बिलात रक्कम जास्त लागली तर विक्रेता क्रेडिट नोट काढू शकतो, कायद्याच्या कलम ३४ मध्ये त्याची सोय आहे. ज्या आर्थिक वर्षातलं बिल, त्याच्या पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं असेल तर तोपर्यंत, ती विवरणात दाखवून कर कमी करता येतो. मी रोज हेच काम करतो, दहा मिनिटांचं आहे. त्यामुळे "बिल बदला" म्हणूच नका, "क्रेडिट नोट काढून रक्कम परत करा" म्हणा.

आता एक सांगा. दागिना पसंत केल्यावर काउंटरवर त्यांनी आकडेमोड करून चिठ्ठी दिली होती का?

पिंपरीचा_पप्पू

माझंही सेम झालंय. दिवाळीत फ्रिज घेतला, कार्डावर १०% सूट होती, बिलात आली नाही. नंतर कळलं की ती बँकेकडून कॅशबॅक म्हणून तीन महिन्यांनी जमा होते. ताई, तुम्हीही थोडी वाट बघा, स्टेटमेंटमध्ये येईल.

मृण्मयी_नाशिक

पप्पूदादा, इथे कार्डाचा संबंध नाही, सूट दुकानाचीच आहे.

हिशेबनीस, चिठ्ठी आहे! सेल्समनने पेढीच्या पॅडवर बॉलपेनने लिहिलेली. त्यात असं आहे: "गंठण २०.०००, घड. १४%, २५% लेस, मोड ८.०००". खाली एकूण रक्कम नाही, सहीही नाही. तारखेचा शिक्का आहे.

हिशेबनीस

मग तुमची बाजू भक्कम आहे. "२५% लेस" आणि "मोड ८.०००" एकाच चिठ्ठीवर आहेत, म्हणजे मोड माहीत असतानाच त्यांच्या माणसाने तुम्हाला सूट सांगितली. जाहिरातीच्या अटीवर वाद घालण्याआधी ही चिठ्ठी पुढे करा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. दारावरचा फलक उतरवायच्या आत त्याचा फोटो काढा आणि पेपरचं अख्खं पान जपून ठेवा.

वकीलकाकू

चिठ्ठीबद्दल सहमत. अटीबद्दलही सांगते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत स्पष्ट आहे की दावा ज्या भाषेत आणि ज्या टाइपात, त्याच भाषेत आणि टाइपात अटही हवी. मोठा दावा मराठीत आणि अट इंग्रजीत बारीक, हे त्यात बसत नाही. मात्र यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जाहिरातदारावर कारवाई करू शकतं. तुमचे ६,४८९ रुपये हवे असतील तर वाट जिल्हा ग्राहक आयोगाची.

त्याआधी दुकानाला लेखी द्या. मजकूर साधारण असा:

"दि. ___ च्या बिल क्र. ___ मध्ये जाहिरात केलेली घडणावळीवरील २५% सूट दिलेली नाही. आपल्या पेढीच्या त्याच दिवशीच्या चिठ्ठीवर मोडीसह ही सूट नमूद आहे. ६,३०० रुपये व त्यावरील जीएसटी १८९ रुपये, एकूण ६,४८९ रुपयांची क्रेडिट नोट काढून रक्कम माझ्या खात्यात १५ दिवसांत जमा करावी."

दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. नंतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. ते दुकानाशी बोलतात, सक्ती करू शकत नाहीत. तेवढ्यावर नाही झालं तर ई-जागृती पोर्टलवरून आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

खान्देशी_बाणा

आधी फेसबुकवर टाका, दोन तासांत पैसे येतील.

वकीलकाकू

आधी पत्र. रागाच्या भरात एखादा शब्द जास्त गेला की बदनामीची नोटीस येते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

मृण्मयी_नाशिक

पत्र दिलं, पोचही मिळाली. चिठ्ठीची झेरॉक्स पाहिल्यावर मॅनेजरांचा सूर बदलला. आता म्हणतात, मोडीचे ८ ग्रॅम सोडून उरलेल्या १२ ग्रॅमच्या घडणावळीवर सूट देतो, आणि तीही पुढच्या खरेदीच्या व्हाउचरवर. हे घ्यावं का?

हिशेबनीस

१२ ग्रॅमवर ३,७८० आणि कर धरून ३,८९३ रुपये ४० पैसे. व्हाउचर अजिबात घेऊ नका, ते वापरायला पुन्हा तिथेच दागिना घ्यावा लागेल. रोख ३,८९३ देत असतील तर मी स्वतः घेतले असते. पूर्ण गंठण घडवायची मजुरी लागलीच आहे, पण मोडीवर सूट नाही ही अट या धंद्यात बरेच जण ठेवतात, आणि आयोगात वर्ष जाऊ शकतं.

वकीलकाकू

मी घेतले नसते. चिठ्ठीवर १२ ग्रॅम कुठे लिहिलंय? आणि समजा घेतलेच, तर "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका, नुसती रक्कम मिळाल्याची पावती द्या.

मृण्मयी_नाशिक

आईशी बोलले. ती म्हणते पूर्णच माग. व्हाउचर नको असं आज ईमेलने कळवलं. सोमवारी मालक येणार आहेत, त्यांना भेटायला चिठ्ठी आणि पेपर घेऊन जाते. १९१५ वरही नोंद केली आहे. काय होतं ते इथेच लिहीन.