पाळीच्या आधी चार-पाच दिवस डाएट सैल करावं की नाही?

चिवड्याचा_डबा: वय ३४, वजन कमी करतेय, रोज साधारण ३०० कॅलरी कमी खाते. पाळीच्या ६व्या दिवशी ६८.४ होते, आज २६वा दिवस आणि काटा ६८.९. वर रात्री दहाला इतकी भूक लागते की जेवल्यावरही डबा उघडला जातो. ट्रेनर म्हणतो अजून कमी कर, १२०० वर ये. मला वाटतं उलट हे चार-पाच दिवस पोटभर खावं. तुमचं मत?

गणपतराव_जिमवाले: पोटभर वगैरे नको. कॅलरी कमी गेल्या की चरबी जाते, पाळी असो नसो. २० दिवसांत काटा खाली आला नाही म्हणजे मोजण्यात कुठेतरी घोळ आहे, तेल मोजता का? फोडणीचं तेल कोणीच मोजत नाही.

वहीतले_आकडे: तेलाचं बरोबर आहे दादा, पण त्याआधी हिशोब बघा. ३०० गुणिले २० म्हणजे ६००० कॅलरी, एक किलो चरबीला साधारण ७७०० लागतात, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास चरबी गेलेली असणार. आणि पाळीच्या तोंडावर एक-दीड किलो पाणी सहज धरलं जातं, त्यात प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी मंदावतात, पोट साफ होत नाही, ते वजन वेगळंच. मग काटा वर दिसणारच ना, घोळ असायलाच हवा असं नाही.
माझ्या वहीतला एक महिना सांगते, मीपण ३०० च कमी खात होते. ६वा दिवस ७१.२, २०वा ७०.८, २७वा ७१.९, पाळीचा पहिला दिवस ७२.१ (अंगठी बोटातून निघेना, मोज्यांचे वळ पायावर), तिसरा ७१.०, आणि पुढच्या ६व्या दिवशी ७०.१. म्हणजे महिन्यात १.१ किलो, अगदी हिशोबाप्रमाणे. २७व्या दिवशी घाबरून १२०० वर गेले असते तर तिसऱ्या दिवशी उतरलेलं पाणी मला १२०० ची कमाल वाटली असती. म्हणून ६व्या दिवसाची तुलना ६व्याशीच करायची, कालच्याशी नाही. ताई तुम्ही पुढच्या ६व्या दिवसापर्यंत आणखी कमी करू नका, तेव्हाही ६८.४ च असेल तर मग दादा म्हणतात तसं तेल मोजा.

पहाटवारा: पण त्या दिवसांत शरीर तापतं, मेटाबॉलिझम वाढतो, म्हणून तर भूक लागते. जेवढं जास्त खाल तेवढं जळूनच जातं, बिनधास्त खा!

वहीतले_आकडे: तापमान वाढतं हे खरं, ओव्ह्युलेशननंतर साधारण ०.३ ते ०.५ अंश. पण त्याने जळणाऱ्या कॅलरी फार नाहीत, काहींच्यात तर फरक कळतही नाही. भूक मात्र खरी असते, इस्ट्रोजेन भूक दाबतं आणि प्रोजेस्टेरॉन ते दाबणं कमी करतं, म्हणून ओव्ह्युलेशनच्या आसपास सगळ्यात कमी खाल्लं जातं आणि पाळीआधी जास्त. शेव-फरसाणाची एक मोठी वाटी ३०० च्या पुढे जाते, ती काही तापमानाने जळत नाही.
माझं मत विचाराल तर शेवटचे ५ दिवस ठरवून मेंटेनन्सवर यावं. ५ गुणिले ३०० म्हणजे १५०० कॅलरी, जेमतेम २०० ग्रॅमचं नुकसान. आणि ते जेवणातच घ्यावं, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर उसळ जास्त, रात्री डब्यातून नाही.

सोलापूरची_सून: मला पीसीओएस आहे, पाळी कधी ४० दिवसांनी कधी ६०, मी कुठला सहावा दिवस धरू? आणि गोळ्या चालू केल्यावर सूज येते, तीपण पाणीच का?

वहीतले_आकडे: तुमच्या बाबतीत दिवस जुळवणं चालणार नाही. आठवड्याची सरासरी काढा, बेंबीपाशी टेपने कंबर मोजा आणि सहा-आठ आठवडे एकत्र बघा. गोळ्यांच्या सुजेचं डॉक्टरांनाच विचारा, मी अंदाजाने नाही सांगणार. आणि डाएट सुरू केल्यावर नियमित येणारी पाळी ज्यांची तीन महिने आलीच नाही त्यांनी काटा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं, खाणं फार कमी पडलं की असं होतं.

गणपतराव_जिमवाले: पाण्याचं पटलं, माझ्या बायकोचंपण असंच वर-खाली होतं. पण ५ दिवस सैल सोडलं की लोक १० दिवस सैल राहतात, हे मी रोज बघतो.

नाचणी_सत्त्व: +१ दादांना. मी मेंटेनन्स म्हणून सुरू केलं आणि पाळी संपली तरी परत बसलेच नाही. मला तेवढंच खाऊन फक्त दुपारचं ताक, रात्री वरणाची वाटी जास्त आणि भात अर्धा, असं बदललेलं झेपतं. वहीताईंचं त्यांना जमत असेल, सगळ्यांना जमेल असं वाटत नाही.

चिवड्याचा_डबा: ट्रेनरला सांगितलं, १२०० नको, ६व्या दिवसापर्यंत थांबते. भाकरी वाढवायची की वरण ते अजून ठरत नाहीये. आज रात्री भाकरी करून बघते, उद्या डबा उघडला की नाही ते लिहिते.