बाळ उठायलंच नाही: बिल्डिंगच्या ग्रुपवरची चर्चा

सुनीता (बी-२०४), सकाळी ९.१०
मंगल मावशी, सुनेचं बाळ आज चार दिवसांचं. रात्री दोनला प्यालं, तेव्हापासून झोपूनच हाय. आई म्हणतात गुणी बाळ, झोपू दे. कोवळ्या उन्हात धरलंय.

मंगल मावशी (ए-१०१), ९.१२
सात तास झाले की! या वयात दर दोन-तीन तासांनी प्यायलाच हवं, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा. आधी दुपटं सोडा, लंगोट बदला, तळवे आणि पाठ चोळा, मग उघड्या अंगानं आईच्या छातीशी धरा. लंगोट कसा आहे तेही सांगा.

सुनीता, ९.२४
डोळे किलकिले केले, दोनदा चोखलं, परत मान टाकली. काल सकाळपासून दोनदाच ओला झाला. त्यावर विटकरी डाग हाय. शी अजून काळीच.

मंगल मावशी, ९.२६
मग आत्ताच निघा. चौथ्या दिवशी विटकरी डाग आणि काळी शी म्हणजे पोटात दूध पुरेसं जात नाही. कपाळावर बोट दाबून सोडा, पिवळं दिसतं का?

सुनीता, ९.२८
पोटापर्यंत पिवळं हाय.

मंगल मावशी, ९.३१
कावीळ शीवाटे बाहेर पडते. दूध कमी गेलं की शी कमी होते आणि पिवळेपणा आतड्यातून परत रक्तात जातो. त्यानं बाळ आणखी सुस्तावतं, आणखी कमी पितं. उन्हानं हे सुटत नाही. पण सुस्ती साखर उतरल्यानं किंवा जंतुसंसर्गानंही येते, आणि एवढ्या लहान बाळाला तेव्हा ताप येईलच असं नाही, अंग गारही पडतं. घरी बसून कारण ओळखता येत नाही, रक्त तपासावं लागतं. गुटी, मध, पाणी काही नको. झोपेत चमच्यानं दूध ओतू नका, छातीत जाईल. आईच्या अंगाशी उबेत घेऊन जा.

प्रकाश (सी-३०२), ९.३३
गाडी खाली आणतोय. बिम्सला जाऊ या.

मंगल मावशी, ९.३४
होय. वाटेत श्वास जोरजोरात चालला, छाती आत ओढली गेली किंवा ओठ निळे पडले तर दारात शिरतानाच ओरडून सांगा.

सुनीता, दुपारी १.४०
बिलिरुबिन २१. वजन तीन किलोवरून २.६५० वर आलंय. साखरपण कमी होती. ठेवून घेतलंय, निळ्या दिव्याखाली हाय. नर्सबाई दूध पिळून वाटीनं पाजायलेत.

रेश्मा (ए-४०३), १.५२
मावशी, आमचं तीन आठवड्यांचं. तेही सलग चार तास झोपतं. भीती वाटायली.

मंगल मावशी, १.५८
वजन वाढतंय का? उठल्यावर जोरानं ओढून पितं, गिळताना आवाज येतो, दिवसाला सहा लंगोट भिजतात? मग ती झोप चांगली. उठवूनही प्यायला तोंड लावत नसेल, हातपाय लुळे सोडत असेल, तर मला मेसेज करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. रात्री गाडी नसेल तर १०८ लावा.