मदत हवी आहे: आईच्या खुब्यात सिमेंटचा स्टेम की बिनासिमेंटचा?

गोदाकाठची
आई 78 वर्षांची. परवा इंदिरानगरच्या घरी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मानेपाशी मोडलं. अर्धा सांधा बदलायचाय, त्यात मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा, म्हणजे स्टेम, बसवतात. एक सर्जन म्हणतात, बिनासिमेंटचा बसवू, लवकर उरकतं आणि हृदयाला त्रास नाही. दुसरे म्हणतात, सिमेंटच हवं. हाडं फार ठिसूळ, टी-स्कोअर उणे 3.4, पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. उद्या दुपारपर्यंत सांगायचंय. फार घाबरलेय.

सिन्नरकर
सिमेंट पुढे सैल होतं. दुसऱ्यात स्टेमवर हाड वाढतं, तो जन्मभराचा. मेहुण्याला 46व्या वर्षी तोच बसवला, आता ब्रह्मगिरीची फेरी करतो.

निवृत्त_ऑर्थो
मेहुण्याचं हाड वेगळं, ताई. हा स्टेम पोकळीपेक्षा किंचित जाड असतो, ठोकून बसवतात. हाड त्याला धरायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर सगळी भिस्त त्या ठोकलेल्या पकडीवर. मधल्या काळात तो हलत राहिला तर हाडाऐवजी तंतूंचा पडदा धरतो आणि मांडी दुखत राहते. तरुण हाड हा ताण सोसतं. ठिसूळ हाडाच्या भिंती पातळ आणि पोकळी नळकांड्यासारखी. पकड मिळावी म्हणून जोर लावला की हाड उभं चिरतं. चीर टेबलावरच दिसली तर तार बांधून सावरता येतं. नाही दिसली, तर काही आठवड्यांनी वॉकर धरून उठताना हाड फुटतं, स्टेम खाली सरकतो, पाय आखूड होतो. मग दुसरं, मोठं ऑपरेशन.

सिमेंट हाडाच्या छिद्रांत शिरून दहा-बारा मिनिटांत कडक होतं, त्याला ठोकावं लागत नाही. ब्रिटनमधल्या चाचणीत (2022, साठीपुढचे 1,225 रुग्ण) स्टेमभोवतीची फ्रॅक्चर्स सिमेंटमध्ये 0.5 टक्के आणि बिनासिमेंटमध्ये 2.1 टक्के होती.

पंचवटी_७
सासूबाईंच्या गुडघ्याला सिमेंटच होतं, छान चालतात.

गोदाकाठची
ताई, हा खुबा आहे. डॉक्टर, मग हृदयाचं काय?

निवृत्त_ऑर्थो
ती भीती खरी आहे. सिमेंट दाबताना मज्जेतली चरबी रक्तातून फुप्फुसात जाते, बीपी आणि ऑक्सिजन एकदम उतरू शकतात. म्हणून आधी पोकळी धुऊन कोरडी करतात आणि सिमेंट भरण्याआधी भूलतज्ज्ञाला मोठ्यानं सांगतात. त्या चाचणीत मृत्यूंमध्ये ठळक फरक नव्हता, पण तुमच्या आईचा इको पाहिल्याशिवाय मी ठाम बोलणार नाही. फुप्फुसातला दाब जास्त निघाला तर पहिल्या सर्जनांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मग त्यांना कॉलरचा, म्हणजे वरच्या बाजूला कड असलेला स्टेम वापरणार का विचारा, ती कड हाडावर टेकते आणि स्टेम खाली सरकायला अडतो.

सिन्नरकर
वयाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मोठा पेशंट मेहुण्यासारखा तंदुरुस्त असेल तर?

निवृत्त_ऑर्थो
तेव्हाही आधी एक्सरेत भिंतींची जाडी बघतो, वय त्यानंतर.

गोदाकाठची
इको झाला. पंपिंग 45 टक्के, फुप्फुसातला दाब थोडा वाढलाय. एक्सरे बघून दुसरे सर्जन म्हणाले, पोकळी नळकांड्यासारखीच आहे. भूलतज्ज्ञ रात्री आठला भेटणार. कॉलरचं पहिल्या सर्जनांना विचारलं, ते उद्या सकाळी सांगतो म्हणाले.