मदत हवी आहे: दुकानाच्या नावाने 15 ऑगस्टच्या शुभेच्छा, ऑफर न घालता. कॅप्शन सुचवा (घाई आहे)

घाईत_आहे
दुकानाच्या पेजवर आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा टाकायच्या आहेत. फोटो तयार आहे. दोन-चार ओळी हव्यात, भारदस्त पण जाहिरात न वाटणाऱ्या. ऑफर अजिबात नको, त्यावरून घरात आधीच वाजलंय. आज रात्री टाकायचंय, पटकन सांगा.

शब्दवेल्हाळ
घ्या, ताजं ताजं:
शूरांच्या रक्ताने न्हाली ही माती
तिरंग्याशी जुळली जन्मांची नाती!
खाली दुकानाचं नाव टाका.

खवचट_काकू
आणि त्याखाली इयत्ता आणि तुकडी.

छापखानेवाला
कसलं दुकान, गाव कोणतं, फोटोत काय आहे? मी बॅनर छापतो. "फोटो तयार आहे" ऐकलं की मला धडकीच भरते.

घाईत_आहे
कॅप्शन मागितलंय हो, फोटो नाही. टॉवेल-चादरींचं दुकान, सोलापूर. फोटोत केशरी, पांढरा आणि हिरवा टॉवेल घडी करून एकाखाली एक रचलेत, पांढऱ्यावर मधोमध आमचा लोगो. झकास आलाय.

पुणेरी_मार्केटिंग
ऑफर का नको? 1947 रुपयांचा चादर सेट काढा. आकडाच बोलतो. आमच्या एका क्लायंटने केलं होतं, फोन थांबेनात.

घाईत_आहे
धाग्याचं शीर्षक वाचलंत का? आमच्या अण्णांचंही हेच चाललंय, "15 ऑगस्टपर्यंत 10 टक्के सूट" एवढं तरी बारीक अक्षरात टाक म्हणून. तेच टाळायचंय.

छापखानेवाला
तो फोटो आधी काढून टाका. तुम्ही चक्राच्या जागी लोगो बसवलाय. कॅप्शन कितीही सोज्वळ लिहा, बघणाऱ्याला आधी तेच दिसणार. झेंड्यावर कुठलाही मजकूर लिहू नये असं ध्वजसंहितेत आहे. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाबद्दलच्या 1971 च्या कायद्यात तर उशी, हातरुमाल, नॅपकिन असल्या वस्तूंवर झेंडा छापायला किंवा भरतकामात काढायला मनाई आहे. तुम्ही उलट्या बाजूने तिथेच पोचलात, टॉवेलांचाच झेंडा केलात. अंग पुसायची वस्तू आहे ती.

सरळमार्गी
उगाच घाबरवू नका. चक्र नाही म्हणजे तो झेंडा नाही, तीन रंगांचे तीन टॉवेल आहेत. असं धरलं तर 15 ऑगस्टला तिरंगी बर्फी विकणारे सगळे आत जातील. शिवाय 2021 मध्ये पॉलिएस्टरचा झेंडाही चालेल असा बदल झालाय, आता नियम सैल आहेत.

छापखानेवाला
पॉलिएस्टरचा बदल झेंड्याच्या कापडाबद्दल आहे, त्याचा इथे काय संबंध? 1971 च्या कायद्यात झेंडा म्हणजे त्याचं चित्र, फोटो किंवा त्याच्या एखाद्या भागाची प्रतिमाही, कशावरही केलेली, असं धरलंय. तुमचे तीन टॉवेल त्यात बसतात की नाही, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण गिऱ्हाईक कायदा उघडून बघत नाही, स्क्रीनशॉट काढून गावाच्या ग्रुपवर टाकतं.

सरळमार्गी
म्हणजे कायदा नाही, तुमची भीती आहे. बर्फीचं उत्तर दिलं नाहीत.

मांडवीकाठ
आमचं पणजीत काजूचं दुकान. आम्ही 15 ऑगस्टला आणि 19 डिसेंबरलाही शुभेच्छा टाकतो, कारण गोवा मुक्त झाला 1961 ला. पूर्वी महात्मा गांधींचा फोटो आणि खाली आमचं नाव असं टाकायचो. मग एका वकील मित्राने थांबवलं.

छापखानेवाला
बरोबर थांबवलं. 1950 चा बोधचिन्हांचा कायदा आहे. धंद्यासाठी वापरायला मनाई असलेल्यांच्या यादीत राष्ट्रध्वज आहे, महात्मा गांधी आहेत, नेहरू आहेत, छत्रपती शिवाजी महाराजही आहेत. यातल्या व्यक्तींच्या कॅलेंडरवरच्या चित्राला सूट आहे, तीही कॅलेंडरवर फक्त काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असेल आणि मालाची जाहिरात नसेल तरच. चार सिंहांच्या राजमुद्रेला तर 2005 चा वेगळा कायदा आहे. दर ऑगस्टला कुणीतरी पेनड्राइव्हमध्ये हे सगळं एकत्र घेऊन येतं, वर स्वतःचा गॉगलवाला फोटो.

घाईत_आहे
बरं बाबा, लोगो काढतो. फोटो दुसरा बघतो. आता तरी ओळी द्या कुणीतरी.

चाटी_गल्ली
मी सोलापूरचीच. देशभर चालेल असं काहीतरी कशाला? आपल्या गावाचं लिहा ना:

"स्वातंत्र्यदिनाच्या सर्व सोलापूरकरांना शुभेच्छा.
मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. आपल्या गावच्या या चार हुतात्म्यांना वंदन."

खाली फक्त दुकानाचं नाव.

शब्दवेल्हाळ
पण यात यमक नाही.

खवचट_काकू
देवाची कृपा.

छापखानेवाला
ओळी चांगल्या आहेत. दोन गोष्टी सांभाळा. नावं टाकायची तर चारही, पूर्ण आणि अचूक. जागा पुरत नाही म्हणून एखादं गाळलंत तर न टाकलेलं बरं. आणि "सर्व सोलापूरकरांना" हे तसंच ठेवा, "आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना" करू नका. ग्राहक म्हटलं की दुकान आलंच. सहीच्या ओळीत नाव आणि गाव, बस. फोन नंबर नको, "विश्वासाची परंपरा" नको, पत्ता नको. लोकांना तुमचं दुकान माहीत आहे.

मांडवीकाठ
मला हुतात्म्यांची नावं दुकानाच्या पेजवर खटकतात. एरवी वर्षभर आठवण नाही आणि नेमकी 15 ऑगस्टला?

चाटी_गल्ली
मग 12 जानेवारीलाही टाका की. कुणी अडवलंय?

घाईत_आहे
अण्णांना विचारलं. नावं चालतील म्हणाले, पण वर "80 वा स्वातंत्र्यदिन" असं मोठं हवंय. मी म्हणतोय 79.

सरळमार्गी
79 वर्षं पूर्ण, दिवस 80 वा. 1947 चा पहिला धरायचा. अण्णा बरोबर.

पुणेरी_मार्केटिंग
2022 ला तर सगळे 75 म्हणत होते.

सरळमार्गी
75 वर्षं पूर्ण झाली होती, दिवस 76 वाच होता.

छापखानेवाला
आकडा गाळा. खाली चाळीस कमेंट फक्त आकड्यावर येतात, शुभेच्छा राहते बाजूला.

बाकी एक तपासा. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आहे का? त्यात आपोआप जाणारा मेसेज काय ठेवलाय? मागच्या वर्षी एका ओळखीच्या दुकानदाराने अगदी साधी, सुंदर शुभेच्छा पाठवली. लोकांनी "आपणासही" असं उत्तर दिलं की त्यांना लगेच "पावसाळी सेल, रेनकोटवर 30 टक्के" जायचं. नव्या माणसाला किंवा 14 दिवसांत बोलणं न झालेल्याला तो मेसेज जातो. दोन दिवस बंद ठेवा. पैसे देऊन चालवलेली पोस्ट असेल तर तीही थांबवा, नाहीतर वंदनाच्या खालीच चादरींचे दर दिसतील.

घाईत_आहे
आहे. "नमस्कार, टॉवेल डझनाच्या भावात" असं आहे. बंद करतो. 15 ला दुकान अर्धा दिवस उघडं आहे, ते कॅप्शनमध्ये लिहू का?

चाटी_गल्ली
वेळ कळवणं म्हणजे जाहिरात नाही, पण स्टेटस वेगळं ठेवा.

सरळमार्गी
आणि अण्णांची सूट 18 तारखेपासून सुरू करा, तेही खूश.

घाईत_आहे
सूट 15 लाच हवी म्हणून ते अजून अडून बसलेत. फोटोला आता साध्या पांढऱ्या रंगावर फक्त ओळी टाकतोय. टॉवेलांचा फोटो मात्र त्यांनी आत्ताच स्वतःच्या स्टेटसला टाकला, लोगोसकट.

पुणेरी_मार्केटिंग
डझनाचा भाव काय आहे? व्यनि करा.