सुरक्षा कोड जुळला म्हणजे नेमके काय जुळले?

म्हापसेकर: भाऊ तारवावर असतो. त्याने फोन बदलला आणि व्हॉट्सॲपवर सुरक्षा कोड बदलल्याची सूचना आली. तो म्हणतो, साठ आकडे जुळवून घे. संदेश आपोआप एन्क्रिप्ट होतात, मग हा खटाटोप कशाला?

मांडवीकाठ: संदेश कुलूपबंद करायला तुमच्या फोनला भावाची सार्वजनिक, म्हणजे कुणालाही देता येणारी, किल्ली लागते, आणि ती भाऊ देत नाही, सर्व्हर देतो. सर्व्हरने भावाच्या नावावर स्वतःचीच किल्ली खपवली तर? तो तुमचा संदेश उघडेल, वाचेल, भावाच्या खऱ्या किल्लीने पुन्हा बंद करून पुढे धाडेल. दोघांनाही काही कळणार नाही.

कोडमधले 30 आकडे तुमच्या किल्लीवरून निघतात, 30 भावाच्या. मध्ये कुणी नसेल तर दोन्ही फोनवर तेच आकडे त्याच क्रमाने दिसतात. कुणी असेल तर तुमच्याकडे भावाचा अर्धा भाग खोटा आणि त्याच्याकडे तुमचा. अर्धे कुठले कुणाचे हे स्क्रीनवर लिहिलेले नसते, म्हणून पाच-पाच आकड्यांचे बाराही गट वाचायचे. पहिले दोन बघून सोडले तर तपासणी झालीच नाही.

दर्यावर्दी: कोड बदलला की कारण नवा फोन, नाहीतर ॲप पुन्हा टाकलेले. जुळवायचेच तर त्याच चॅटवर स्क्रीनशॉट धाडा की, दोन मिनिटांचे काम.

मांडवीकाठ: बहुतेक वेळा नवा फोनच, मान्य. पण दुसऱ्या कुणी भावाचा नंबर हाती घेऊन खाते उघडले तरी हीच सूचना येते. आणि मध्ये बसलेल्याच्या हातातूनच जाणारा स्क्रीनशॉट तो बदलू शकतो. साधा फोन करा, आवाज ओळखा, आकडे वाचा. गावी आला की क्यूआर स्कॅन करा.

काजूबोंडू: काकूला बँकेच्या नावाने मेसेज आला, तिने ओटीपी देऊन टाकला. कोड बघितला असता तर वाचली असती?

मांडवीकाठ: नाही हो. चोराशीही चॅट व्यवस्थित एन्क्रिप्टेडच असते. माझ्या फोनने समोरच्याची म्हणून धरलेली किल्ली खरोखर समोरच्या फोनचीच आहे, एवढेच कोड सांगतो. माणूस प्रामाणिक आहे का, हे त्याच्या कक्षेत नाही.

दर्यावर्दी: म्हणजे मी म्हणतो तेच! फोनमध्ये हेरगिरीचे ॲप असेल, किंवा बॅकअप एन्क्रिप्शनशिवाय क्लाउडवर पडला असेल, तरी कोड छान जुळणार. शिवाय 2023 पासून व्हॉट्सॲप किल्ल्यांची सार्वजनिक नोंद ठेवून आपोआप पडताळते. आकडे वाचत कोण बसेल?

मांडवीकाठ: बॅकअपचे बरोबर बोललात, तो वेगळा एन्क्रिप्ट करावा लागतो. नोंदीमुळे कंपनीला एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी किल्ली दाखवणे अवघड जाते. पण सर्वांना दिसणारी ती किल्ली भावाच्याच फोनची आहे, हे तोच सांगू शकतो.

म्हापसेकर: भावाशी फोनवर वाचून घेतो. पण घरच्या ग्रुपात 17 जण आहेत, त्यांचे काय?

दर्यावर्दी: तुमच्या एकट्याचेच 16 कोड. बसा वाचत.

मांडवीकाठ: ज्यांच्याशी पैशांचे किंवा कागदपत्रांचे बोलणे होते, तेवढेच आधी उरका.