मदत हवी आहे: आईच्या बीपीच्या गोळ्या कुटून द्याव्यात का?

आईला पक्षाघातानंतर गिळायला त्रास होतो. रोज सकाळी मेटोप्रोलॉल एक्सएल ५०, निफेडिपिन रिटार्ड २० आणि टेल्मिसार्टन ४० असतात, रात्री पुन्हा निफेडिपिन. दिवसा येणाऱ्या मावशी सकाळच्या तिन्ही गोळ्या खलबत्त्यात कुटून केळ्यात कालवतात. त्यानंतर तासाभरात आईचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, बीपी १०० च्या आसपास येतं. संध्याकाळी तेच १७० च्या पुढे. याचा कुटण्याशी संबंध असेल का? अर्धी करून दिली तर चालेल का?
— मृण्मयी

गोळीवर मधोमध रेष असेल तर बिनधास्त तोडा. कंपनीने ती त्यासाठीच दिलेली असते.
— सह्याद्रीकर

रेष असली तर तोडता येते, हे बहुतेक वेळा खरं. पण त्याचा अर्थ कुटता येते असा नाही. बऱ्याच कंपन्यांच्या मेटोप्रोलॉल एक्सएलमध्ये बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचं आवरण असतं. रेषेवर अर्धी केली तरी दाणे शाबूत राहतात, औषध दिवसभर झिरपतं. खलबत्त्यात मात्र ती आवरणंच फुटतात.

निफेडिपिन रिटार्ड तोडूही नका, कुटूही नका. रिटार्ड म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, ती तोडली-कुटली की पुढच्या कित्येक तासांचं औषध एकदम रक्तात उतरतं. बीपी धाडकन पडतं, हृदय जोरात धावू लागतं आणि संध्याकाळपर्यंत असर संपतो. तुम्ही लिहिलेलं चित्र मला नेमकं हेच वाटतं. शिवाय हे औषध उजेडाने खराब होतं, म्हणून तुकडा डबीत ठेवणंही चुकीचं.

आजच डॉक्टरांना फोन करा, कुटलेलं निफेडिपिन देऊ नका. ॲम्लोडिपिन मुळातच शरीरात खूप वेळ टिकतं, त्यामुळे त्याची साधी गोळी कुटली तरी चालते. बदल करायचा का आणि डोस किती, हे डॉक्टर ठरवतील. मेटोप्रोलॉल मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं. टेल्मिसार्टन साधी गोळी आहे, पण तिला दमट हवा सोसत नाही. ऐन वेळी पट्टीतून काढा.
— जुना फार्मासिस्ट

माझी टेल्मिसार्टन ८० ची आहे, डॉक्टरांनी ४० करायला सांगितलंय. अर्धी करून उरलेली दुसऱ्या दिवशी घेतली तर?
— नंदाताई

ताई, ४० चीच पट्टी मागा. दमट हवेत उघडा तुकडा ठेवण्यापेक्षा ते बरं.
— जुना फार्मासिस्ट

खूप आभार. डॉक्टर संध्याकाळी भेटतील. पण आमच्या मेटोप्रोलॉलवर एक्सएल लिहिलंय आणि रेष कुठेच दिसत नाही.
— मृण्मयी

मग ती आतून कशी बनवली आहे ते बाहेरून कळणार नाही. तोडू नका. पट्टी सोबत न्या, साधं मेटोप्रोलॉल दिवसातून दोनदा विभागून देता येईल का ते विचारा. आणि केळ्यातलं तरी आईंना नीट गिळता येतं का? ठसका लागतो का?
— जुना फार्मासिस्ट

लागतो, कधी कधी.
— मृण्मयी

तर गोळ्यांइतकीच गिळण्याची तपासणीही आज बोलून घ्या.
— जुना फार्मासिस्ट