ऑड फंक्शन म्हणून उत्तर 0 लिहिलं, मार्क कापले. बरोबर आहे का?

कॉलेजरोड_एसवाय: 2x/(1+x²) चं −∞ ते ∞ इंटिग्रल. मी लिहिलं ऑड फंक्शन आहे, म्हणून 0. क्लासच्या सरांनी 2 पैकी 0 दिले आणि शेजारी लिहिलं "डायव्हर्ज". ग्राफमधे डावीकडे जेवढं खाली तेवढंच उजवीकडे वर, मग कटणार नाही का?

पंचवटीकर: कटतं की. −R ते R घे, R कितीही मोठा घे, उत्तर 0 च येतं. प्रत्येक x ला त्याचा −x जोडीदार आहे. माझ्या मते सरांनी अन्याय केला, निदान 1 मार्क तरी द्यायचा.

निवृत्त_मास्तर: पंचवटीकर, तुमचं −R ते R चं गणित चुकलेलं नाही, पण दोन्ही टोकं एकाच वेगाने पळवायची हे तुम्ही स्वतःच ठरवलंत, प्रश्नात ते कुठेच नाही. ह्या फंक्शनचं अँटिडेरिव्हेटिव्ह ln(1+x²). आता डावीकडे −R आणि उजवीकडे 2R घ्या, तेही दोन्ही बाजूंनी अनंताकडेच जातं. R=10 ला ln(401/101) म्हणजे 1.379 येतं, R=100 ला 1.386, आणि शेवटी ते ln 4 वर जाऊन बसतं. 3R घेतलं तर ln 9. म्हंजे टोकं कशी पळवता त्यावर उत्तर बदलतंय, मग 0 हे त्या इंटिग्रलचं उत्तर कसं म्हणायचं? आधी 0 ते R करून बघा, ln(1+R²) वाढतच जातं, थांबत नाही. एक बाजू अनंत, दुसरी उणे अनंत, आणि त्यांची बेरीज 0 आहे असं गृहीत धरून चालत नाही.

पंचवटीकर: पण 2R मुद्दाम कोण घेतं हो सर? सरळ मनात येतं ते −R ते R च. ह्याला कॉशी प्रिन्सिपल व्हॅल्यू म्हणतात आणि इंजिनिअरिंगमधे ती सर्रास वापरतात, हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म तर उभाच तिच्यावर आहे.

निवृत्त_मास्तर: वापरा की, पण तसं लिहून वापरा. नुसतं इंटिग्रल विचारलं असेल तर दोन टोकं वेगवेगळी सोडायची आणि दोन्ही अर्धी स्वतंत्रपणे थांबली तरच बेरीज करायची. आणि "सरळ मनात येतं" त्यावर फार भरवसा नको. sin x घ्या, −R ते R कायम 0. तोच ग्राफ π/2 ने डावीकडे सरकवा, तो झाला cos x, आता −R ते R ला 2 sin R येतं, ते −2 आणि 2 च्या मधे झुलत राहतं. ग्राफ तोच, फक्त y अक्ष कुठे काढला एवढाच फरक, आणि 0 गायब!! खऱ्या इंटिग्रलला असं सरकवल्याने काही व्हायला नको.

सिडको_ट्यूशन: मी मुलांना हेच सांगते की |f| चं इंटिग्रल कन्व्हर्ज होत असेल तरच ऑडचा शॉर्टकट वापरा.

निवृत्त_मास्तर: ताई, तेवढं असलं तर शॉर्टकट नक्की चालतो, पण "तरच" जरा जास्त होतं. x·cos x/(1+x²) बघा, ऑड आहे, |f| घेतलं तर डायव्हर्ज होतं, पण 0 ते ∞ हे अर्धं मात्र थांबतं, कारण cos ची चढउतार आपसात कटत जाते. अर्धं थांबलं की दुसरं त्याचं उणे, म्हणून बेरीज खरंच 0. लेबेगच्या व्याख्येने चालायचं असेल तर मात्र तुमची अट बरोबर.

अंबड_मेंटेनन्स: मला वाटलं 1/x सारखं मधे 0 जवळ फुटतं त्याबद्दल चाललंय, पण इथे गडबड टोकाला दिसतेय. असो, आमच्याकडे दोन सिग्नलचा रेशो काढून त्याची सरासरी घेतो, दोन्ही सिग्नल 0 च्या आजूबाजूला. रेशोचा ग्राफ एकदम सिमेट्रिक, म्हणून वाटलं सरासरी 0 जवळ बसेल, पण हजार रिडिंग घेतले तरी एखादं मोठं रिडिंग येतं आणि सगळी सरासरी ओढून नेतं. सेन्सर बदलून झाला तरी तेच.

निवृत्त_मास्तर: अहो तुमचाच प्रॉब्लेम चाललाय! दोन्ही सिग्नल नॉर्मल, स्वतंत्र आणि मधोमध 0 असतील तर रेशो कॉशी डिस्ट्रिब्युशनचा होतो, आणि दोघांचा पसारा सारखा धरला तर त्याचं मीन म्हणजे x/(π(1+x²)) चं इंटिग्रल, वरचंच फक्त आकडा वेगळा. मीन नाहीच. हजार रिडिंगच्या सरासरीचा पसारा एका रिडिंगएवढाच राहतो. पंचवटीकर, 2R कोण घेतं विचारत होतात ना? इथे रिडिंगच घेतात, उजवीकडचं सगळ्यात मोठं रिडिंग डावीकडच्याच्या तिप्पट असू शकतं, जोडीने कोणी येत नाही. तुम्ही मीडियन घ्या, तो 0 पाशी नीट बसेल.

अंबड_मेंटेनन्स: मीडियन उद्याच्या शिफ्टला लावून बघतो.

पंचवटीकर: सिग्नलचं पटलं. पण पोराच्या पेपरात त्याने सिमेट्री ओळखली होती, शून्य मार्क मला अजून कडकच वाटतात.

सिडको_ट्यूशन: मला नाही वाटत. प्रश्न कन्व्हर्ज होतं का हाच होता, आणि 0 ते ∞ तपासायची ती एक ओळ त्याने लिहिलीच नाही.

कॉलेजरोड_एसवाय: ती ओळ खरंच नव्हती. पण मग पेपरात "प्रिन्सिपल व्हॅल्यू 0, इंटिग्रल डायव्हर्ज" असं दोन्ही लिहिलं तर चालेल ना?